क्लॉक हळू करूनही न सुटणारी चूक: टायमिंग डायग्राममधील सेटअप टाइम, होल्ड टाइम आणि प्रोपगेशन डिले

प्रश्न: टायमिंग डायग्राममध्ये क्लॉक, डी आणि क्यू यांच्या ओळींवर सेटअप टाइम, होल्ड टाइम आणि प्रोपगेशन डिले नेमके कुठून कुठपर्यंत मोजायचे, हे मला नीट कळत नाही. मी ७४एलएस७४ वापरून दोन टप्प्यांचे शिफ्ट रजिस्टर बनवले आहे. दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपचा क्लॉक ७४एलएस०४ च्या दोन इन्व्हर्टरमधून दिला आहे. पहिल्या आउटपुटवर एका क्लॉकचा पल्स बरोबर येतो, पण दुसऱ्यावर तो बहुतेक वेळा दोन क्लॉक रुंद दिसतो. क्लॉक १ किलोहर्ट्झपर्यंत खाली आणला तरी फरक पडत नाही. चूक कुठे आहे?

उत्तर:

तुमच्या जोडणीत दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपचा होल्ड टाइम पाळला जात नाही आणि त्याचे कारण क्लॉकच्या वाटेवरचे ते दोन इन्व्हर्टर आहेत. होल्डची चूक क्लॉक हळू करून जात नाही. ती का जात नाही आणि पल्स नेमका दोनच क्लॉक रुंद का होतो, या दोन्ही गोष्टी टायमिंग डायग्राम मोजमापासह काढला की स्वच्छ दिसतात. म्हणून आधी एकच फ्लिप-फ्लॉप आणि क्लॉकची एकच रायझिंग एज घेऊ, आणि मग तुमच्या सर्किटकडे येऊ.

७४एलएस७४ए च्या डेटाशीटमध्ये ५ व्होल्ट आणि २५ अंश सेल्सिअसला पुढील आकडे दिलेले असतात. सेटअप टाइम, म्हणजे tsu, किमान २० नॅनोसेकंद. होल्ड टाइम, म्हणजे th, किमान ५ नॅनोसेकंद. क्लॉकपासून आउटपुटपर्यंतचा प्रोपगेशन डिले दोन भागांत दिलेला असतो. आउटपुट शून्यावरून एकवर जात असेल तर त्याला tPLH म्हणतात. तो साधारणतः १३ आणि जास्तीत जास्त २५ नॅनोसेकंद असतो. आउटपुट एकवरून शून्यावर येत असेल तर तो tPHL. तो साधारणतः २५ आणि जास्तीत जास्त ४० नॅनोसेकंद असतो. चढण्याला आणि उतरण्याला लागणाऱ्या वेळेतला हा फरक ध्यानात ठेवा, कारण तुमच्या रुंद झालेल्या पल्सचे मूळ त्यातच आहे.

खालच्या आकृतीत प्रत्येक अक्षराची रुंदी ५ नॅनोसेकंद धरली आहे.

```
CLK  ________|‾‾‾‾‾‾‾‾‾|_____
D    ___|‾‾‾‾‾‾|_____________
Q    _____________|‾‾‾‾‾‾‾‾‾‾
```

ही आकृती वाचताना क्लॉकच्या रायझिंग एजमधून एक उभी रेघ मनाने खाली ओढावी आणि त्या क्षणाला शून्य म्हणावे. तिन्ही अवधी याच रेघेपासून मोजायचे असतात. सेटअप टाइम रेघेच्या डावीकडे मोजतात: एज येण्याच्या किमान २० नॅनोसेकंद आधीपासून D स्थिर असला पाहिजे. आकृतीत D एजच्या २५ नॅनोसेकंद आधी एकवर गेला आहे, म्हणजे ५ नॅनोसेकंद हाताशी उरले. होल्ड टाइम रेघेच्या उजवीकडे मोजतात: एज येऊन गेल्यावरही किमान ५ नॅनोसेकंद D ने तीच पातळी धरून ठेवली पाहिजे. आकृतीत तो १० नॅनोसेकंदांनी खाली आला, म्हणजे इथेही ५ नॅनोसेकंद उरले. प्रोपगेशन डिलेही उजवीकडेच मोजतात, पण तो D च्या ओळीवर नव्हे तर Q च्या ओळीवर. आकृतीत tPLH ची कमाल किंमत घेतली आहे, त्यामुळे Q एजनंतर २५ नॅनोसेकंदांनी वर जातो. त्या वेळी D कधीच शून्यावर आलेला आहे, तरी Q एक होतो, कारण तो एजच्या क्षणी टिपलेली किंमत दाखवतो आहे.

विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा या तिन्हींना एकाच जातीचे अवधी समजल्यामुळे होतो. सेटअप आणि होल्ड या फ्लिप-फ्लॉपने तुमच्याकडे केलेल्या मागण्या आहेत. त्या इनपुटला लागू होतात आणि त्या पाळणे ही सर्किट बनवणाऱ्याची जबाबदारी असते. प्रोपगेशन डिले हे मागण्या पाळल्या गेल्यास चिपने तुम्हाला दिलेले वचन आहे आणि ते आउटपुटला लागू होते. म्हणूनच डेटाशीटमध्ये tsu आणि th किमान या रकान्यात छापलेले असतात, तर tPLH आणि tPHL साधारण आणि कमाल या रकान्यांत. मागणी मोडली की वचनही उरत नाही, हे पुढे उपयोगी पडेल.

मोजणी कोणत्या व्होल्टेजला करायची, हेही ठरलेले असते. खरी कडा उभी नसते, ती काही नॅनोसेकंद चढत असते, त्यामुळे ‘एजचा क्षण’ म्हणजे कोणता क्षण हे ठरवावे लागते. एलएस कुटुंबासाठी तो सिग्नल १.३ व्होल्टला पोहोचण्याचा क्षण धरतात. ५ व्होल्टचा निम्मा म्हणून २.५ व्होल्टला कर्सर लावला, तर तुमची मोजणी डेटाशीटच्या मोजणीशी जुळणार नाही.

आता हे अवधी मुळात येतात कुठून, ते थोडक्यात पाहू, कारण त्याशिवाय आकडे पाठ करावे लागतात. ७४७४ जातीच्या डी फ्लिप-फ्लॉपचे प्रचलित तर्कचित्र सहा नँड गेटचे असते. त्यातले चार गेट आत येणारी किंमत टिपतात आणि उरलेले दोन एकमेकांना जोडलेले आउटपुटचे गेट ती धरून ठेवतात. क्लॉक शून्यावर असताना D ची किंमत आतल्या एका गेटमधून उलटी होते आणि तिथून दुसऱ्या गेटमध्ये जाते. क्लॉक वर जाण्यापूर्वी हा दोन गेटचा प्रवास पूर्ण झालेला असावा लागतो. हाच सेटअप टाइम. क्लॉक वर गेल्यावर टिपणाऱ्या गेटांपैकी एकाचे आउटपुट खाली येते आणि तेच परत फिरून D च्या वाटेला कुलूप लावते. हे कुलूप लागायला साधारण एका गेटचा वेळ जातो आणि तेवढा वेळ D हलला तर तो आत शिरू शकतो. हा होल्ड टाइम.

चढण्या-उतरण्यातला फरकही याच चित्रातून सुटतो. टिपणाऱ्या गेटचे आउटपुट खाली आले की त्याला थेट जोडलेले आउटपुटचे गेट लगेच वर जाते. समोरचे गेट मात्र या वर गेलेल्या गेटचे आउटपुट आपल्यापर्यंत आल्यावरच खाली येते. म्हणजे खाली येणारे आउटपुट वर जाणाऱ्याच्या नेहमी एक गेट मागे असते. tPLH १३ आणि tPHL २५ असण्याचे हे मुख्य कारण. चिपच्या आतली प्रत्यक्ष ट्रान्झिस्टर-मांडणी कुटुंबानुसार आणि उत्पादकानुसार वेगळी असते, त्यामुळे सहा गेटच्या चित्रावरून आकडे काढत बसू नये. दिशा समजण्यापुरते ते पुरेसे आहे. आतली क्लॉकची आणि डेटाची वाट कमीजास्त लांब ठेवून होल्ड टाइम शून्यावरही आणता येतो, आणि ७४एचसी७४ च्या काही डेटाशीटमध्ये तो खरोखरच शून्य छापलेला आहे.

एकट्या फ्लिप-फ्लॉपचे इतके पुरे. टायमिंगचा खरा प्रश्न एका फ्लिप-फ्लॉपचे आउटपुट दुसऱ्याचे इनपुट होते तिथे सुरू होतो, कारण पहिल्याचे वचन आणि दुसऱ्याची मागणी एकाच तारेवर समोरासमोर येतात. त्यासाठी दोन असमानता पुरतात. यात `T` म्हणजे क्लॉकचा आवर्तकाल, `tpd` म्हणजे पहिल्या फ्लिप-फ्लॉपचा प्रोपगेशन डिले, `tlogic` म्हणजे मधल्या गेटांना लागणारा वेळ, आणि `skew` म्हणजे क्लॉकची तीच कडा दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपला पहिल्यापेक्षा किती उशिरा पोहोचते तो अवधी.

```
setup:  T + skew  >=  tpd(max) + tlogic(max) + tsu
hold:   tpd(min) + tlogic(min)  >=  th + skew
```

पहिल्या असमानतेत दोन वेगवेगळ्या कडा आहेत: एका कडेला पहिल्या फ्लिप-फ्लॉपने डेटा सोडला आणि पुढच्या कडेला दुसऱ्याने तो टिपला. मध्ये एक पूर्ण आवर्तकाल मिळतो, म्हणून T आहे. समजा दोघांच्या मध्ये ७४एलएस८६ चा एक एक्सऑर गेट आहे, जसा दोन बिटांच्या सिंक्रोनस काउंटरमध्ये असतो, आणि दोघांना क्लॉक एकाच वेळी पोहोचतो. पहिले आउटपुट खाली येत असेल तर ४० नॅनोसेकंद, एक्सऑरचे दुसरे इनपुट एकवर असेल तर त्याच्या आउटपुटला वर जायला जास्तीत जास्त ३०, आणि वर सेटअपचे २०. असे ९० नॅनोसेकंद झाले. म्हणजे सुमारे ११ मेगाहर्ट्झच्या वर हा काउंटर भरवशाचा नाही. डेटाशीटवर कमाल क्लॉक-वारंवारितेची २५ मेगाहर्ट्झची हमी पाहून अनेक जण तीच आपल्या सर्किटची मर्यादा मानतात, पण ती एकट्या फ्लिप-फ्लॉपची मर्यादा आहे. तुमच्या सर्किटची मर्यादा सर्वांत लांब वाटेवर काढावी लागते. ही बाजू जमली नाही तर क्लॉक हळू करावा. T वाढतो आणि असमानता पुन्हा खरी होते.

दुसरी असमानता वेगळ्या जातीची आहे. तिच्यात कडा एकच आहे. ज्या कडेला दुसरा फ्लिप-फ्लॉप जुनी किंमत टिपतो आहे, त्याच कडेमुळे पहिल्या फ्लिप-फ्लॉपमधून नवी किंमत निघालेली असते आणि दुसऱ्याच्या इनपुटकडे धावत येत असते. ती फार लवकर पोहोचली तर जुनी किंमत नीट टिपली जाण्याआधीच पुसली जाते. ही शर्यत क्लॉकची कडा आली की सुरू होते आणि काही दशक नॅनोसेकंदांत संपते. पुढची कडा त्यानंतर १०० नॅनोसेकंदांनी येते की एका मिलिसेकंदाने, याचा त्या शर्यतीशी काही संबंध नसतो. म्हणून असमानतेत T नाही, आणि म्हणूनच १ किलोहर्ट्झवरही तुमची चूक जशीच्या तशी राहिली.

आता तुमचे आकडे घालून पाहू. ७४एलएस०४ च्या एका इन्व्हर्टरला साधारणतः ९ ते १० नॅनोसेकंद लागतात आणि कमाल १५. क्लॉक वर जाताना पहिल्या इन्व्हर्टरचे आउटपुट खाली येते, त्याला सुमारे १०, आणि मग दुसऱ्याचे वर जाते, त्याला सुमारे ९. म्हणजे दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपला कडा १९ नॅनोसेकंद उशिरा मिळते. तुमच्या शिफ्ट रजिस्टरमध्ये दोन टप्प्यांच्या मध्ये एकही गेट नाही, त्यामुळे tlogic शून्य आहे. होल्डच्या असमानतेची उजवी बाजू ५ अधिक १९, म्हणजे २४ नॅनोसेकंद झाली. डावीकडे साधारण किमती घेतल्या तर Q1 वर जाताना १३ आहेत आणि खाली येताना २५. डेटा वर जाताना ११ नॅनोसेकंद कमी पडतात. खाली येताना मात्र एका नॅनोसेकंदाने का होईना, मागणी पुरी होते.

म्हणजे एक ही किंमत दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपच्या क्लॉकच्या आधीच पोहोचते आणि त्याच कडेला पुढे निसटते. शून्य ही किंमत उशिरा पोहोचते आणि नियमाप्रमाणे एक क्लॉक थांबते. याचा परिणाम खालच्या आकृतीत दाखवला आहे. कडांमधले उशीर इथे अंदाजे प्रमाणात आहेत, आणि क्लॉकचा आवर्तकाल जागेसाठी खूप आखडून घेतला आहे.

```
CLK1  __|‾‾‾‾‾|_____|‾‾‾‾‾|_____|‾‾‾‾‾|____
Q1    ____|‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾|__________________
CLK2  _____|‾‾‾‾‾|_____|‾‾‾‾‾|_____|‾‾‾‾‾|_
Q2    _______|‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾|___
```

पहिल्या कडेला Q1 वर जातो. CLK2 ची कडा त्याच्यानंतर येते, त्यामुळे Q2 त्याच कडेला वर जातो. खरे तर त्याने एक क्लॉक थांबायला हवे होते. दुसऱ्या कडेला Q1 खाली येतो, पण तो खाली येईपर्यंत CLK2 ची कडा येऊन गेलेली असते, त्यामुळे Q2 ला अजून जुना एकच दिसतो आणि तो वरच राहतो. तिसऱ्या कडेला Q2 खाली येतो. Q1 एक क्लॉक वर होता, Q2 दोन क्लॉक वर राहिला. पल्सची पुढची कडा एक क्लॉक लवकर आली आहे आणि मागची कडा आपल्या योग्य जागी आहे.

तुम्ही ‘बहुतेक वेळा’ असे लिहिले आहे, त्यावरही बोलायला हवे, कारण उरलेल्या वेळा सर्किट बरोबर चालते असे त्यावरून समजू नये. पल्स एक क्लॉक रुंद दिसण्याची कारणे दोन असू शकतात. एक म्हणजे एक आणि शून्य दोन्ही थांबले, हे बरोबर. दुसरे म्हणजे एक आणि शून्य दोन्ही निसटले. इन्व्हर्टर थोडे मंद असतील, समजा दोघांचे मिळून ३० नॅनोसेकंदांच्या जवळ जात असतील, तर २५ नॅनोसेकंदांनी खाली येणारा Q1 सुद्धा CLK2 च्या आधी पोहोचतो. मग Q2 ची रुंदी बरोबर दिसते, पण तो Q1 ची नक्कल झालेला असतो. दुसरा टप्पा असून नसल्यासारखा. म्हणून Q2 ची केवळ रुंदी पाहू नका, तो Q1 च्या एक क्लॉक मागे आहे का ते पाहा.

शिवाय Q1 वर जाण्याचा क्षण CLK2 च्या कडेच्या फक्त ६ नॅनोसेकंद आधी येतो. डेटाशीटप्रमाणे त्या कडेच्या २० नॅनोसेकंद आधीपासून ५ नॅनोसेकंद नंतरपर्यंत इनपुट हलायला नको होते. या निषिद्ध पट्ट्यात इनपुट हलले की जुनी किंमत मिळेल की नवी, हे कोणीच सांगू शकत नाही. दोन चिपांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. क्वचित फ्लिप-फ्लॉप थोडा वेळ दोन्ही पातळ्यांच्या मध्ये अडकतो आणि आउटपुट स्थिरावायला प्रोपगेशन डिलेच्या कमाल किमतीपेक्षाही जास्त वेळ घेतो. याला मेटास्टेबिलिटी म्हणतात. वर म्हटलेले वचन मागणी मोडल्यावर उरत नाही, ते या अर्थाने.

दुरुस्ती सोपी आहे: दोन्ही फ्लिप-फ्लॉपांना क्लॉक एकाच ठिकाणाहून द्या. इन्व्हर्टर काढून टाकता आले तर उत्तमच. क्लॉकचा स्रोत अशक्त आहे किंवा त्याच्या कडा आळशी आहेत म्हणून ते हवेच असतील, तर दुसऱ्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवरून दोघांनाही क्लॉक घ्या. मग १९ नॅनोसेकंदांचा उशीर दोघांना सारखाच होतो आणि skew मध्ये तारेच्या लांबीचा किरकोळ फरक तेवढा उरतो. होल्डची मागणी ५ नॅनोसेकंदांची आणि डेटा येतो साधारणतः १३ नॅनोसेकंदांनी. ८ नॅनोसेकंद शिल्लक राहतात.

इथे डेटाशीटची एक मर्यादा सांगणे मला महत्त्वाचे वाटते. होल्ड तपासायला प्रोपगेशन डिलेची किमान किंमत लागते आणि ७४एलएस७४ए च्या डेटाशीटमध्ये ती छापलेलीच नसते. साधारण आणि कमाल एवढेच असते. मी वर १३ घेतले ती साधारण किंमत आहे, हमी नव्हे. एखादी चपळ चिप त्याहून लवकर बदलू शकते. त्यामुळे होल्डचा हिशेब अगदी काठावर नेऊन ठेवण्याला अर्थ नसतो. skew शून्याजवळ ठेवणे हाच भरवशाचा मार्ग आहे आणि या कुटुंबातल्या चिपा एकाच क्लॉकवर थेट जोडून शिफ्ट रजिस्टर बनवण्याची जुनी पद्धत त्याच आधारावर चालत आली आहे.

याच कारणाने काही जण सुचवतील तो दुसरा उपाय मी करणार नाही: क्लॉकमध्ये दोन इन्व्हर्टर आहेत, मग डेटाच्या वाटेवरही दोन घालून बरोबरी करावी. साधारण किमती घेतल्या तर डेटा १३ अधिक १९, म्हणजे ३२ नॅनोसेकंदांनी येतो आणि २४ ची मागणी पुरी झालेली दिसते. पण क्लॉकच्या वाटेवरचे इन्व्हर्टर कमाल ३० घेऊ लागले तर मागणी ३५ होते आणि ३२ पुरत नाहीत. टेबलावर चाललेले सर्किट चिप बदलल्यावर बंद पडते ते अशा हिशेबामुळे. आयसीच्या आत डेटाच्या वाटेवर मुद्दाम उशीर घालण्याची पद्धत सर्रास वापरली जाते, पण तिथे प्रत्येक गेटची किमान आणि कमाल अशी दोन्ही बाजूंची मोजणी हाताशी असते. सुट्या चिपांत ती नसते.

क्लॉक अपरिहार्यपणे उशिरा पोहोचत असेल, उदाहरणार्थ रजिस्टरचे टप्पे दोन वेगळ्या बोर्डांवर असतील, तर दोन वाटा खुल्या राहतात. एक म्हणजे क्लॉक डेटाच्या उलट दिशेने न्यावा: आधी शेवटच्या टप्प्याला, मग मागच्यांना. असे केले की skew ऋण होतो, होल्ड सैल होतो आणि तेवढाच सेटअप आवळतो. पण सेटअपची अडचण क्लॉक हळू करून सुटते, त्यामुळे हा सौदा फायद्याचा असतो. दुसरी वाट म्हणजे दुसऱ्या टप्प्याने फॉलिंग एजवर टिपावे. तुमच्याच सर्किटमध्ये दोनऐवजी एक इन्व्हर्टर ठेवला तर हे घडते. १ किलोहर्ट्झच्या क्लॉकचा अर्धा आवर्तकाल ५०० मायक्रोसेकंद असतो, त्यापुढे एका इन्व्हर्टरचे ९-१० नॅनोसेकंद काहीच नाहीत. एसपीआयमध्ये एका कडेला डेटा बदलतात आणि उलट कडेला टिपतात, ते याच विचाराने. मात्र मग Q2 एक पूर्ण क्लॉकऐवजी अर्धा क्लॉक मागे राहतो, आणि पुढच्या सर्किटला ते चालणार आहे का, हे तुम्हाला पाहावे लागेल.

दोष सेटअपचा आहे की होल्डचा, हे न मोजताही बऱ्याचदा ओळखता येते. क्लॉक निम्मा केल्यावर चूक गेली तर सेटअपकडे पाहावे. क्लॉक कितीही बदलला तरी चूक तशीच, पण चिप बदलली, पुरवठ्याचे व्होल्टेज थोडे हलवले किंवा चिप गरम-थंड केली की तिचे रूप पालटते, असे असेल तर होल्डकडे पाहावे. तुमचे लक्षण दुसऱ्या प्रकारचे आहे.

खात्री मात्र ऑसिलोस्कोपवरच करा. २४ मेगाहर्ट्झने नमुने घेणाऱ्या स्वस्त लॉजिक अॅनालायझरवर हा दोष दिसणार नाही, कारण त्याच्या दोन नमुन्यांत जवळजवळ ४२ नॅनोसेकंद जातात आणि तुमची सारी शर्यत त्याच्या आत संपते. त्यावर CLK1, Q1 आणि CLK2 एकाच क्षणी बदलल्यासारखे दिसतील आणि तुम्ही पुन्हा चक्रावाल. किमान १०० मेगाहर्ट्झचा स्कोप घ्या. त्याचा स्वतःचा राइज टाइम सुमारे ३.५ नॅनोसेकंद असतो, तेवढा इथे चालतो. दोन्ही प्रोब एकाच प्रकारचे आणि दहापट क्षीणनावर असू द्या, दोघांची ग्राउंडची तार शक्य तितकी आखूड ठेवा, आणि मोजण्याआधी दोन्ही प्रोब एकाच बिंदूवर लावून त्यांच्यात आपापसात फरक नाही ना ते पाहा. मग एक प्रोब दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपच्या क्लॉकच्या पिनवर आणि दुसरा त्याच्याच D च्या पिनवर लावा. पहिल्या चिपच्या आउटपुटवर किंवा तारेच्या मध्ये कुठेतरी मोजू नका, कारण मागणी या पिनांवर लागू असते. ट्रिगर CLK2 च्या रायझिंग एजवर १.३ व्होल्टला ठेवा, वेळेची पट्टी १० नॅनोसेकंदांवर आणा आणि पर्सिस्टन्स चालू करा.

आत्ताच्या जोडणीत तुम्हाला D ची चढती कडा क्लॉकच्या थोडी डावीकडे आणि उतरती कडा थोडी उजवीकडे पडलेली दिसेल, आणि या दोन्ही कडा पडद्यावर एकावर एक साठून क्लॉकच्या दोन्ही बाजूंना दाटी करतील. क्लॉक सामाईक केल्यावर दोन्ही कडा क्लॉकच्या उजवीकडे सरकल्या पाहिजेत: चढती सुमारे १३ नॅनोसेकंदांवर, उतरती सुमारे २५ वर, आणि रेघेच्या डावीकडचे २० नॅनोसेकंद पूर्ण मोकळे. उजवीकडच्या पहिल्या ५ नॅनोसेकंदांतही काही दिसता कामा नये.

शेवटची एक बाब पहिल्या फ्लिप-फ्लॉपच्या इनपुटची. तिथला पल्स पुश बटनातून किंवा क्लॉकशी संबंध नसलेल्या दुसऱ्या उपकरणातून येत असेल, तर तिथे सेटअप-होल्ड कधी ना कधी मोडणारच. जो सिग्नल क्लॉक पाहून चालत नाही, त्याला एजच्या २० नॅनोसेकंद आधी स्थिर राहा असे सांगता येत नाही. अशा वेळी इनपुट आणि तुमचे रजिस्टर यांच्यामध्ये त्याच क्लॉकवर चालणारे दोन फ्लिप-फ्लॉप एकामागे एक जोडतात. पहिला अडकला तरी त्याला सावरायला जवळजवळ एक पूर्ण क्लॉक मिळतो आणि दुसऱ्यापर्यंत बहुतेक वेळा स्वच्छ किंमतच पोहोचते. एका ७४एलएस७४ मध्ये दोन फ्लिप-फ्लॉप असतातच, त्यामुळे एक चिप वाढवली की हे काम होते. मात्र त्या दोघांनाही क्लॉक याच सामाईक तारेवरून द्या, नाहीतर आत्ता काढलेली चूक एक टप्पा अलीकडे पुन्हा उभी राहील.